कच्च्या प्रबंधावरचे पत्र

कृषी अर्थशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रबंध कच्चा निघतो तेव्हा बहुतेक वेळा तो एकाच पद्धतीने कच्चा असतो. पाने भरपूर, कोष्टके भरपूर, आणि निष्कर्ष गावात पाऊल टाकण्याआधीच ठरलेला. असा मसुदा हातात आला की विद्यार्थ्याला काय लिहायचे, किती लिहायचे, यावर दोन शिक्षकांचे मत सहसा जुळत नाही. खालचा संवाद त्या मतभेदाचा आहे. माणसे, मसुदा आणि त्यातले शेताचे आकडे मी कल्पिलेले आहेत; चुका मात्र या क्षेत्रातल्या कोणालाही ओळखीच्या वाटतील.

मॅडम मार्गदर्शक आहेत. सर त्याच विभागातून निवृत्त झालेले, इतर विद्यापीठांत अनेक वर्षे बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलेले. विद्यार्थ्याचा विषय आहे, अवर्षणप्रवण तालुक्यातल्या ऊस उत्पादकांच्या उत्पन्नावर ठिबक सिंचनाचा परिणाम. नमुना १२० शेतकऱ्यांचा, त्यात ६० ठिबकवाले आणि ६० पाटाने पाणी देणारे. घरातला हा पहिला पदवीधर, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, आणि प्रबंध इंग्रजीत. सादर करायला दोन महिने उरलेत. मॅडमनी त्याला लिहायच्या पत्राचा खर्डा सरांपुढे ठेवला आहे.

सर : तीन पाने, तेवीस मुद्दे. पहिला मुद्दा, ‘विषय समयोचित आहे आणि तुझी मेहनत दिसते’. दुसरा, संदर्भांची मांडणी एकसारखी कर. तिसरा, कोष्टकांची शीर्षके वर घे. असे करत करत आठव्या मुद्द्यावर मला कळते की मुख्य निष्कर्ष उभाच राहत नाही. आणि तेही तुम्ही लिहिलेय कसे, तर ‘निष्कर्षांची अधिक चर्चा करता येईल’. मॅडम, चर्चा कमी पडलीय की निष्कर्षच चुकलाय?

मॅडम : निष्कर्ष टिकणारा नाही, हे मलाही दिसतेय. पण पहिल्याच ओळीत तसे लिहिले तर तो पुढचे वाचायचा नाही. मागे दुसरे प्रकरण परत केले होते, तर बरेच दिवस विभागाकडे फिरकला नाही. फोन घेईना. शेवटी त्याच्या खोलीवरच्या मित्राकरवी बोलावून घेतला.

सर : तेव्हा काय लिहिले होते?

मॅडम : काही लिहिले नव्हते. पानापानावर लाल शाई. इंग्रजीच्याच चुका जास्त.

सर : म्हणजे त्याने काय समजायचे? की आपले इंग्रजी वाईट म्हणून मॅडम नाराज. आताही त्याच वाटेने चाललात तुम्ही. तेवीसपैकी अकरा मुद्दे भाषेचे आणि मांडणीचे. जी पाने पुन्हा लिहायचीच आहेत त्यांतले व्याकरण आज कशाला सुधारायचे? तो इमानदारीने अकरा मुद्दे दुरुस्त करील, दोन रात्री जागेल, आणि तोच निष्कर्ष नीट इंग्रजीत घेऊन परत येईल.

इथे सरांचे म्हणणे मला पूर्ण पटते. शेऱ्यांची संख्या वाढली की विद्यार्थी सोपे शेरे आधी उरकतो, त्यात त्याचा वेळ जातो, आणि काम झाल्याचे समाधानही मिळते. लांबलचक यादी दिसायला प्रामाणिक असते, पण तिच्यात मुख्य दोष सहज लपून जातो.

मॅडम : ठीक. भाषेचे मुद्दे काढते. पण मुख्य दोष तुम्ही कसा सांगाल? तुमची पद्धत मला माहीत आहे.

सर : एका वाक्यात. ‘तुझ्या माहितीवरून तुझा निष्कर्ष निघत नाही; या स्वरूपात प्रबंध मान्य होणार नाही.’ व्हायवाला हेच ऐकायचेय त्याला, तेही चार लोकांसमोर. त्यापेक्षा आज ऐकलेले काय वाईट?

मॅडम : वाक्य खरे आहे. पण त्यातून त्याला काय करायचे ते कळत नाही. निष्कर्ष का निघत नाही हे त्याला कळत असते तर त्याने तो लिहिलाच नसता. त्याच्या बाजूने बघा. ठिबकवाल्यांचे सरासरी उत्पादन एकरी ४६ टन, पाटपाण्याच्यांचे ३६. फरक १० टनांचा. टी चाचणी लावली, फरक लक्षणीय आला. वर्गात आम्हीच शिकवले की चाचणी लक्षणीय आली की निष्कर्ष लिहा. त्याने लिहिले, ठिबकमुळे उत्पादन २८ टक्क्यांनी वाढले. त्याच्या मते सगळे नियमाप्रमाणे झाले आहे.

सर : चाचणी एवढेच सांगते की हा फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. तो ठिबकमुळे पडला की आणखी कशामुळे, याबद्दल चाचणी काहीच बोलत नाही. ठिबक कोण बसवतो? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ज्याच्या हातात पैसा आहे, जो अनुदानाची कागदपत्रे वेळेत जमवतो, तो. त्याचा ऊस ठिबक नसते तरी इतरांपेक्षा बरा आला असता.

मॅडम : हे तुम्ही आत्ता मला सांगितले तसे त्याला सांगायचे आहे. पण सांगूनही तो मान हलवील आणि परत जाईल. त्याच्या स्वतःच्या माहितीत त्याला ते दिसले पाहिजे.

सर : त्याच्या माहितीत विहिरीचे काही आहे का? मी परिशिष्टातली प्रश्नावली पाहिली. जमीन, पीक, खते, मजूर, ठिबक संच, उत्पादन, एवढेच. पाण्याच्या उपलब्धतेचा प्रश्नच नाही. तीच मोठी चूक.

मॅडम उठल्या आणि कपाटातून भरलेल्या अनुसूचींचा गठ्ठा काढून आणला. वरच्या काही बाजूला केल्या आणि एक उघडून सरांपुढे धरली. छापील रकान्यांत आकडे होते. उजव्या समासात निळ्या पेनाने बारीक अक्षरात लिहिले होते : ‘विहीर मार्चमध्ये तळाला. नंतर दिवसाआड अर्धा तास मोटर.’ पुढची उघडली : ‘विहिरीला बारमाही पाणी, शेजारी तलाव.’ तिसरी : ‘एप्रिलमध्ये टँकरने ऊस जगवला.’

सर : सगळ्यांवर आहे?

मॅडम : सगळ्या १२० वर. शेतकरी बोलायला लागले की पाण्याविषयीच बोलायचे, म्हणून लिहून घेतले, म्हणाला. मी सांगितले नव्हते. प्रबंधात यातले एक अक्षर नाही. रकाना नव्हता, त्यामुळे ती माहितीच नाही असे तो धरून चाललाय.

सर बराच वेळ अनुसूची चाळत राहिले. मग एका कोऱ्या कागदावर त्यांनी गठ्ठ्याचे दोन भाग मांडायला सुरुवात केली : ज्यांच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी राहते ते, आणि ज्यांची विहीर उन्हाळ्यात तळ गाठते ते. उत्पादनाचे आकडे प्रबंधाच्या परिशिष्टात होतेच. बेरजा झाल्यावर चित्र असे दिसले. ठिबकच्या ६० पैकी ४५ जणांकडे बारमाही पाणी होते, १५ जणांच्या विहिरी आटणाऱ्या. पाटपाण्याच्या ६० मध्ये हे प्रमाण उलटे, १८ बारमाही आणि ४२ आटणाऱ्या.

सर : आता उत्पादन बघा. बारमाही पाणीवाल्यांत ठिबकचा ऊस एकरी ४८ टन, पाटपाण्याचा ४३. फरक पाच टनांचा. आटणाऱ्या विहिरींत ठिबकचा ४०, पाटपाण्याचा ३३. फरक सात टनांचा. त्याचा १० टनांचा फरक कुठेच नाही. पाणी सारखे असलेल्या शेतकऱ्यांची तुलना केली की पाच ते सातच उरतात. बाकीचे पाण्याचे होते, ते त्याने ठिबकच्या नावावर टाकले.

मॅडम : आणि सर, पाच आणि सात यांतला फरक बघा. जिथे पाणी कमी तिथे ठिबकचा उपयोग जास्त दिसतोय. त्याच्या मूळ निष्कर्षापेक्षा हे अधिक बोलके आहे. ठिबकने उत्पादन वाढते हे तर जाहिरातीतही लिहिलेले असते.

सर : सावकाश घ्या. त्या खणात ठिबकवाले पंधराच आहेत. त्यातले दोन-तीन चांगले बागायतदार निघाले तर सरासरी हलते. आणि आटणाऱ्या विहिरीवरही ज्याने ठिबक बसवले तो मुळात अधिक हिकमती असेल, खते वेळेवर देत असेल. ‘असे दिसते’ म्हणता येईल, ‘सिद्ध झाले’ म्हणता येणार नाही.

मॅडम : मान्य. पण दोन महिन्यांत उभा राहील असा प्रबंध यात आहे.

यानंतरचा वाद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरांचे म्हणणे असे की वेळ थोडा आहे, म्हणून हे कोष्टक पत्रासोबत जोडून द्यावे. शिवाय विद्यार्थ्याला जमीनधारणा, पाणी, खतांचा खर्च आणि ठिबक ही सगळी कारणे एकत्र घेऊन बहुचल समाश्रयण करायला सांगावे. परीक्षकाला तेच बघायचे असते. मॅडम दोन्हींना तयार नव्हत्या.

मॅडम : समाश्रयण संगणक दोन मिनिटांत करून देईल. व्हायवाला कोणी विचारले, हा गुणक एवढाच का आला, तर तो गप्प बसेल. आत्ताच्या टी चाचणीसारखेच होईल ते, आणखी एक आकडा, ज्याचा अर्थ त्याच्या हातात नाही. आधी हे चार खण त्याने स्वतःच्या हाताने भरू देत. ते कळले की समाश्रयण म्हणजे हेच काम एकदम अनेक कारणांसाठी करणे, हे पाच मिनिटांत समजावता येते.

सर : मग कोष्टक तरी द्या.

मॅडम : रिकामे देते. आडव्या दोन ओळी, उभे दोन रकाने, प्रत्येक खणात शेतकऱ्यांची संख्या आणि सरासरी टन. आकडे तो भरील. आपण भरून दिले तर आपण त्याची चूक पकडली असे होईल. त्याने भरले तर १० टनांचे पाच आणि सात होताना तो स्वतः बघेल. मग मला ‘निष्कर्ष चुकीचा’ असे ओरडून सांगावे लागणार नाही.

सर : आणि नाही भरले तर? उगाच आठवडा जाईल.

मॅडम : म्हणून तारीख घालते. आणि पहिल्याच परिच्छेदात तुमचे वाक्यही घालते.

सर : कोणते?

मॅडम : या स्वरूपात मान्य होणार नाही, हे. त्या एका बाबतीत तुमचे ऐकले. रिकामे कोष्टक दिले आणि त्यामागचे गांभीर्य लपवले, तर त्याला वाटेल आणखी एक तक्ता जोडायचा आहे, कोष्टक क्रमांक एक्केचाळीस.

सरांना हे आवडले. पण त्यांची दुसरी शंका तशीच होती. मॅडम कौतुकाची वाक्ये ठेवणार, आणि कौतुक वाचले की मुलगा निश्चिंत होणार.

सर : सुरुवातीला गोड, मध्ये कडू, शेवटी गोड. हे सगळ्यांना पाठ झालेय आता. मुलेही पहिला परिच्छेद सोडून ‘परंतु’ कुठे आहे ते शोधतात. ‘मेहनत दिसते’ हे वाक्य तुम्ही किती जणांना लिहिले असेल?

मॅडम : जवळजवळ सगळ्यांना. ते काढते. उद्बोधन वर्गात एकदा एक अभ्यास वाचायला दिला होता. १९९९ सालचा, कोहेन, स्टील आणि रॉस यांचा, स्टॅनफर्ड विद्यापीठातला. विद्यार्थ्यांकडून आवडत्या शिक्षकाबद्दल एक पत्र लिहून घेतले आणि त्यावर कडक टीका करून परत दिले. काहींना नुसती टीका, काहींना टीकेआधी थोडे कौतुक, आणि काहींना टीकेसोबत दोन गोष्टी सांगितल्या : इथली अपेक्षा उंच आहे, आणि तुझे लेखन वाचून मला वाटते की तू ती गाठू शकतोस. नुसत्या टीकेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वाचणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह असल्याचा संशय अधिक आला, आणि पुन्हा लिहायचा उत्साहही कमी झाला. आधी कौतुक पेरल्याने ते पुरते भरून आले नाही. उंच अपेक्षा आणि विश्वास या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तेव्हा भरून आले.

सर : तिथला प्रश्न वंशाचा. आपल्याकडे तो कसा लागू?

मॅडम : जशाचा तसा लागू होतो असे मी म्हणत नाही. पण आपला मुलगाही लाल शाई बघून हाच विचार करतो, की हे माझ्या कामाबद्दल आहे की माझ्याबद्दल? माझ्या इंग्रजीबद्दल, गावाबद्दल, आडनावाबद्दल? शहरातल्या मुलाला तीच टीका केली तर त्याला हा प्रश्न पडत नाही. म्हणून टीका कशाची आहे हे अगदी नेमके लिहायला हवे. आणि विश्वास दाखवायचा तर तो कशावर ठेवलाय तेही लिहायला हवे. ‘तू हुशार आहेस’ याला आधार काय? १२० समासांतल्या नोंदींना आधार आहे.

सर : ते लिहा. त्याला माझी हरकत नाही. त्या नोंदी पाहून मलाही बरे वाटले. प्रश्नावली बनवताना आपण चुकलो होतो, तो गावात जाऊन चुकला नाही.

इथे सर ‘आपण’ म्हणाले, आणि मॅडमनी ते पत्रातही घेतले. प्रश्नावली सल्लागार समितीने मंजूर केलेली असते. तिच्यात पाण्याचा प्रश्न नव्हता, तर त्याचा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या खात्यावर टाकणे खोटेपणाचे होते.

मग खर्चाचे प्रकरण निघाले. विद्यार्थ्याने ठिबकचा नफा काढताना बियाणे, खत, मजुरी, वीज सगळे धरले होते, पण ठिबक संचाचा घसारा धरलाच नव्हता. संच जणू फुकट आला.

सर : समजा एका एकराचा संच साठ हजारांचा आणि दहा वर्षे टिकणारा. वर्षाला सहा हजार घसारा, व्याज वेगळे. हे वगळले की नफा फुगणारच. आणि अनुदान? केंद्राचे ५५ टक्के अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, ४५ इतरांना. राज्याचे पूरक धरले की ८० आणि ७५ पर्यंत जाते. शेतकऱ्याच्या खिशातून गेले किती आणि समाजाला पडले किती, हे दोन हिशोब वेगळे. त्याने एकही मांडलेला नाही.

मॅडम : ही चूक सरळ दुरुस्त होणारी आहे. अनुसूचीत संचाची किंमत, वर्ष आणि मिळालेले अनुदान आहे. म्हणून हा मुद्दा पत्रात दुसरा, आणि थोडक्यात. अनुदानासह एक आणि अनुदानाशिवाय एक, असे दोन हिशोब कर, एवढेच.

सर : आणि नमुना? ठिबकचे साठ कृषी सहायकाच्या यादीतून घेतलेत, पाटपाण्याचे साठ गावात जे भेटले ते. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारील.

मॅडम : तो आता बदलता येणार नाही. पुन्हा गावात जायला वेळ नाही. जे दुरुस्त होणार नाही ते तसे सांगायचे आणि मर्यादा म्हणून स्पष्ट लिहायला लावायचे. पण ‘नमुना निवड सदोष आहे’ एवढेच लिहून सोडले तर तो चार दिवस झुरत बसेल की आता काय करू.

पत्रातल्या दोषांची अशी वर्गवारी मी फार थोड्या शिक्षकांना करताना पाहिले आहे. कोणता दोष प्रबंध पाडणारा, कोणता आठवड्यात सुधारणारा, आणि कोणता सुधारता येणार नाही पण कबूल करायचा, हे शिक्षकाला कळत असते. विद्यार्थ्याला सगळे दोष एकाच आकाराचे दिसतात. शेऱ्यात ही वर्गवारी नसेल तर विद्यार्थी धीर सोडतो, आणि तो शेऱ्याच्या कडकपणामुळे खचला असे आपण समजतो.

शेवटचा मुद्दा आला तेव्हा दोघांच्या भूमिका उलटल्या. संदर्भ साहित्याच्या प्रकरणात पंधरा-वीस पाने ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांना असे आढळले’ अशी होती. अधूनमधून एखादा परिच्छेद मात्र एकदम सफाईदार इंग्रजीत, लांब वाक्यांचा, उपपदे जागच्या जागी.

सर : ते सोडून द्या. सगळेच करतात. तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून गेले की कळेल त्याला.

मॅडम : नाही सर, हे सोडणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालते. त्यापुढे चाळीसपर्यंत गेले तर दुरुस्त करून पुन्हा सादर करायला लागते, साठपर्यंत गेले तर वर्षभर सादरच करता येत नाही, आणि साठच्या वर नोंदणी रद्द. नियमही बाजूला ठेवू. दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावावर घालणे चुकीचे आहे हे त्याला मार्गदर्शकाकडून कळायला हवे, सॉफ्टवेअरकडून नव्हे.

सर : मग लिहा, कोणते परिच्छेद ते.

मॅडम : पत्रात आरोप लिहिणार नाही. कदाचित त्याने टिपणे काढताना वाक्ये उतरवून घेतली आणि नंतर ती कुणाची हे विसरला. कदाचित मुद्दाम केले. मला माहीत नाही. पानांवर खूण करते, आणि मूळ लेख घेऊन ये म्हणते. बाकी समोर बसून विचारीन. कागदावर आरोप राहिला तर मागे घेता येत नाही.

सर : मघाशी तुम्ही मला कडक म्हणत होता.

मॅडम : हे गंभीर आहे म्हणून विचारून घेणार. सौम्यपणासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी तयार झालेले पत्र, नाव वगळून, असे :

*तुझा मसुदा पूर्ण वाचला. आत्ताच्या स्वरूपात तो मान्य होणार नाही. कारण एकच आहे आणि ते दुरुस्त करता येण्यासारखे आहे, म्हणून आधी तेवढेच वाच.*

*ठिबकमुळे उत्पादन २८ टक्के वाढले असा तुझा निष्कर्ष आहे. ठिबकवाले आणि पाटपाण्याचे शेतकरी इतर बाबतींत सारखे असतील तरच तो निघतो. ते सारखे आहेत का, हे प्रबंधात कुठे तपासलेले नाही. तपासायची माहिती मात्र तुझ्याकडेच आहे. तू प्रत्येक अनुसूचीच्या समासात विहिरीच्या पाण्याविषयी लिहून ठेवले आहेस. आमच्या समितीने मंजूर केलेल्या प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता. तू शेतकऱ्यांचे ऐकून तो विचारलास. या नोंदी प्रबंधात आल्या पाहिजेत. एम.एस्सी.च्या प्रबंधाकडून मी ज्या दर्जाची अपेक्षा करते तो या नोंदींत आहे, निष्कर्षाच्या प्रकरणात अजून नाही.*

*सोबत एक रिकामे कोष्टक जोडले आहे. बारमाही पाणी असलेले आणि विहीर आटणारे असे १२० शेतकऱ्यांचे दोन भाग कर. ज्या नोंदीवरून ठरवता येत नाही ती वेगळी काढ, अंदाजाने टाकू नकोस. प्रत्येक खणात शेतकऱ्यांची संख्या आणि एकरी सरासरी टन लिही. हे काम हाताने कर. मग मला दोन प्रश्नांची उत्तरे लिहून दे : पाणी सारखे असलेल्यांत ठिबकचा फरक किती उरतो? आणि कोणत्या खणात शेतकरी इतके थोडे आहेत की तिथे जपून बोलले पाहिजे?*

*दुसरे काम खर्चाचे. ठिबक संचाचा घसारा आणि व्याज धरून नफा पुन्हा काढ, एकदा अनुदानासह आणि एकदा अनुदानाशिवाय. यात निष्कर्ष बदलला तर बदलू दे.*

*शेतकऱ्यांची निवड ज्या प्रकारे झाली ती आता बदलता येणार नाही. त्यासाठी झुरू नकोस. ती कशी झाली ते पद्धतीच्या प्रकरणात जसे घडले तसे लिही. शीर्षकातला ‘परिणाम’ हा शब्द काढून ‘तुलनात्मक अभ्यास’ करू.*

*संदर्भ साहित्याच्या प्रकरणातल्या काही पानांवर मी पेन्सिलने खूण केली आहे. त्या परिच्छेदांचे मूळ लेख येताना घेऊन ये. त्याविषयी समोरासमोर बोलू.*

*भाषा, संदर्भसूची आणि कोष्टकांची मांडणी यांत सुधारणा लागतील. त्या आत्ता करू नकोस. ती पाने बदलणार आहेत.*

*शनिवारी सकाळी अकरा वाजता कोष्टक घेऊन ये. अर्धवट असले तरी ये.*

सर : ‘अर्धवट असले तरी ये’ कशाला? मग तो अर्धवटच आणील.

मॅडम : आणू दे. पूर्ण झाले नाही म्हणून न येणारा मुलगा आहे तो. मागच्या वेळी तेच झाले होते.

सर : आणि मुदतवाढीचे? मी असतो तर आजच अर्ज करायला सांगितला असता. दोन महिन्यांत हे सगळे होणे अवघड आहे, हेही त्याला खरे सांगायला नको?

मॅडम : सांगायचे आहे. पण पत्रात मुदतवाढ वाचली की तो पहिला परिच्छेद आणि हा परिच्छेद जोडून एकच अर्थ लावील, की मॅडमनी मला यंदा सोडून दिले. शनिवारी कोष्टक बघते. चार खण बरोबर भरले असतील आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत असतील, तर प्रकरण चार आणि पाच नव्याने लिहायला सहा आठवडे पुरतात. नसतील, तर अर्ज त्याच दिवशी, माझ्यासमोर बसून.

सर : आणि तो आलाच नाही तर?

मॅडम : बारा वाजता मी फोन करीन. नाही उचलला तर तुम्ही करा. तुम्ही त्याचे परीक्षक नाही, तुमचा फोन तो घेईल.

सर : चालेल. नंबर लिहून द्या. आणि त्या अनुसूची कपाटात ठेवू नका, त्याला परत द्या आजच; कोष्टक त्यांच्यावरूनच भरायचेय ना.